सत्त्याहत्तरावी शर्यत

माणसाला स्वतःची अक्कल गहाण टाकायची हौस असली की गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. पोहण्याच्या संघटनेच्या सचिवांना ते घरातच सापडलं होतं. सख्ख्या बहिणीचा मुलगा. मामाने "आपल्याकडे सगळं मॅन्युअल आहे रे" असं नुसतं म्हणायची खोटी, भाच्याने सुट्टीत बसून ॲप तयार केलं. सचिवांनी ते निवड स्पर्धेच्या सकाळी माईकवरून इतक्या वेळा जाहीर केलं, की पाण्यात उतरायच्या आधीच पोरं थकली.

तलाव जुना होता. आठ लेन, फुटक्या फरशा, क्लोरीनचा वास, आणि भिंतीला हात लागताच वेळ टिपणाऱ्या पाट्या वगैरे काही नाही. त्यामुळे वेळ घ्यायची पद्धतही जुनीच. प्रत्येक लेनच्या टोकाला तीन माणसं, तिघांच्या हातात तीन घड्याळं. तीन वेळांमधली मधली वेळ खरी धरायची. एकाचा अंगठा लवकर पडला किंवा एकजण गप्पांत रमला तरी मधली वेळ सहसा दगा देत नाही. तिघांपैकी एकजण तिन्ही वेळा चिठ्ठीवर लिहितो, वर शर्यतीचा क्रमांक आणि लेनचा क्रमांक टाकतो, आणि चिठ्ठी निकालाच्या टेबलावर जाते. ही माणसं म्हणजे पोरांचे आईबापच. नियम एवढाच, की आपलं पोर ज्या लेनमध्ये, त्या लेनवर आपण उभं राहायचं नाही.

त्या निकालाच्या टेबलावर इतकी वर्षं आत्या बसायची. तिची भाची तिला आत्या म्हणायची, म्हणून अख्खा तलाव तिला आत्या म्हणायला लागला होता. अगदी तिच्याहून म्हातारा शिपाईसुद्धा. यंदा सचिवांनी तिला त्या खुर्चीवरून उठवून प्रमाणपत्रांवर नावं लिहायला बसवलं.

"आत्या, तुमचं अक्षर चांगलं आहे," सचिव म्हणाले. "आणि आता चिठ्ठ्या वाचायला माणूस लागतच नाही. फोटो काढायचा, मशीन आकडे वाचतं, निकाल तयार. अचूकता नव्याण्णव टक्के!"

"आणि उरलेला एक टक्का कोणाचा?" आत्याने विचारलं.

सचिव हसले. उत्तर नसलं की ते हसत, आणि त्या हिशेबाने ते दिवसभर हसतमुख असत.

गंमत अशी, की त्या तलावावर या विषयातलं काही कळत असेल तर ते फक्त आत्यालाच. ती विमा कंपनीत होती. लोक दवाखान्याच्या बिलांचे, हाताने भरलेल्या फॉर्मचे फोटो पाठवतात. कुणी पंख्याखाली हलत्या कागदाचा काढतो, कुणी स्वतःच्या अंगठ्याचाच. ते सगळं असलंच मशीन वाचतं, आणि मशीनने कुठे तीनाचे आठ केले, कुठे शून्य खाल्लं ते शोधायचं हे आत्याचं पोटापाण्याचं काम. पण रविवारी फुकट काम करणाऱ्या बाईला अक्कल असते असं समजणं संघटनेच्या घटनेत बसत नव्हतं. तिने महिनाभर आधी सचिवांच्या भाच्याला दहा गोष्टी सांगितल्या होत्या. नऊ त्याने या कानाने ऐकून त्या कानाने सोडल्या. एक मात्र, तिची कटकट थांबावी म्हणून, केली होती. "मशीनने पहिल्यांदा जे वाचलं ते जसंच्या तसं एका रकान्यात ठेव. सुधारणा करायच्या त्या शेजारच्या रकान्यात कर. मूळ पुसू नकोस." त्याने तो रकाना ठेवला, आणि कोणाला दिसू नये म्हणून झाकून टाकला.

आत्या प्रमाणपत्रं लिहीत बसली. मनातून ती धुमसत होती, आणि तिने ते लपवलंही नाही. सचिव समोरून गेले की ती पेन जरा जोरात दाबायची.

सकाळ सरत आली तशी गाऱ्हाणी यायला लागली, आणि सगळी चौथ्या लेनची. ही लेन मानाची. आठ लेनच्या तलावात प्रत्येक फेरीतल्या सगळ्यात वेगवान पोराला मधली चौथी लेन देतात. आणि आज नेमकी तिथलीच काही पोरं मागे पडत होती. एका पोराची वेळ नेहमीपेक्षा तब्बल सहा सेकंद जास्त आली. त्याच्या प्रशिक्षकाने सगळ्यांदेखत त्याचा आळस काढला, आणि ते पोर "सर, मी नेहमीसारखाच पोहलो" म्हणत गॉगलमागे रडलं. आईबापांनी तर एव्हाना कारणसुद्धा शोधून काढलं होतं.

"चौथ्या लेनमध्ये पाणी जड आहे," एक वडील गंभीरपणे सांगत होते.

"खालून प्रवाह येतो म्हणे," दुसरे म्हणाले.

शिकलेली माणसं. एकजण तर इंजिनियर. तलावाच्या एकाच पाण्यात एकच पट्टी जड असते हे त्यांना पटत होतं, पण मशीन चुकतं हे पटत नव्हतं. आत्याने ते ऐकलं आणि कपाळावर हात मारला. नाचता येईना अंगण वाकडं, एवढं ऐकून होती ती. इथे नाचता येत होतं, अंगणही सरळ होतं, तरी अंगणालाच शिव्या.

अकरावी शर्यत मुलींची होती, पन्नास मीटर फ्रीस्टाइल. निवड फक्त दोघींची. आत्याची भाची, म्हणजे तिच्या दादाची मुलगी, त्यात होती. लहानपणी ती पाण्यात पाय झाडायची ते पाहून घरात सगळे तिला बेडकी म्हणायला लागले, आणि ती बारा वर्षांची झाली तरी नाव चिकटूनच राहिलं. शेवटच्या फेरीत बेडकी पाचव्या लेनमध्ये. शेजारी चौथ्या लेनमध्ये एक उंच, हडकुळी मुलगी, जिला सगळे लांबडी म्हणायचे. निकाल लागला तेव्हा तिसऱ्या लेनची मुलगी पहिली, एकतीस पॉइंट नव्वद सेकंद. बेडकी दुसरी, बत्तीस अठ्ठेचाळीस. लांबडी तिसरी, बत्तीस पंच्याहत्तर.

वहिनीने किंकाळीच मारली. दादाने वहिनीच्या हातातला फोन घेऊन स्वतःच्या सासऱ्यांना कळवलं, मग साडूला, मग ज्या मित्राच्या मुलाची मागल्या वर्षी निवड झाली होती त्याला मुद्दाम. आत्यालाही आनंद झाला. ती माणूसच होती. बेडकी पहाटे उठून अंधारात पोहायला जायची तेव्हा कित्येकदा तिला आत्यानेच स्कूटरवरून सोडलं होतं. तिने प्रमाणपत्रावर बेडकीचं खरं नाव जरा मोठ्या अक्षरात लिहिलं.

तेवढ्यात लांबडीची प्रशिक्षिका तरातरा आली. गळ्यात शिट्टी, अंगात उकाडा. तिला सगळे शिट्टीवाली म्हणत.

"माझी मुलगी दुसरी आली आहे," ती सचिवांना म्हणाली. "मी काठावर उभी होते. माझे डोळे फुटलेले नाहीत."

"डोळ्यांचं युग संपलं, मॅडम," सचिव म्हणाले. "म्हणून तर आपण कोण आधी टेकलं ते बघणारे पंच यंदा बंद केले. इथे फोटो आहे, तीन घड्याळं आहेत, तिन्ही एकमेकांशी जुळतात. बत्तीस चौऱ्याहत्तर, पंच्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर. तीन साक्षीदार! आता मी तुमचं ऐकू की तिघांचं?"

"पाणी जड असेल," इंजिनियर वडिलांनी मदत केली.

शिट्टीवाली त्यांच्याकडे अशी बघत राहिली की ते दोन पावलं मागे सरकले.

आत्याचं पेन थांबलं. तीन साक्षीदार म्हणे! घड्याळं तीन खरी, पण लिहिणारा हात एक. तो हात जर एखादा आकडा विचित्र काढत असेल, तर मशीन तिन्ही ठिकाणी एकसारखंच चुकणार, आणि तिन्ही चुका एकमेकींच्या गळ्यात गळा घालून उभ्या राहणार. तिच्या कचेरीत याच्यावरून एकदा रामायण झालं होतं. आणि चौथ्या लेनच्या टोकाला सकाळपासून चिठ्ठ्या कोण लिहीत होतं ते तिला बघायचीसुद्धा गरज नव्हती. तिथे सकाळपासून दादाच होता, आणि शेवटच्या फेरीत बेडकी पाचव्या लेनमध्ये आली म्हणून नियमाप्रमाणे त्याला चौथीवरून हलवायची गरजही पडली नव्हती.

ती उठून भाच्याकडे गेली. भाचा सावलीत लॅपटॉप मांडून बसला होता.

"तो झाकलेला रकाना उघड," ती म्हणाली.

"आत्या, त्यात काही नाही हो. सगळं क्लीन करूनच पुढे जातं."

"काय क्लीन करतोस?"

भाच्याचा चेहरा उजळला. कोणीतरी अखेर विचारलं होतं. "म्हणजे बघा, मशीन कधीकधी शर्यतीचा क्रमांक चुकीचा वाचतं. पण कुठली शर्यत चालू आहे ते आपल्याला कार्यक्रमपत्रिकेवरून ठाऊकच असतं. मग मी असं केलं, की क्रमांक जुळला नाही तर आपोआप बरोबर करून टाकायचा. कुणाला कळतसुद्धा नाही!"

"कुणाला कळतसुद्धा नाही," आत्या म्हणाली. "शाबास. उघड."

रकाना उघडला. बाकी सात लेनच्या चिठ्ठ्यांवर शर्यतीचे क्रमांक जवळजवळ सगळे बरोबर वाचले होते. चौथ्या लेनवर मात्र पहिली शर्यत मशीनने सातवी वाचली होती. दहावी सत्तरावी. अकराव्या शर्यतीच्या प्रत्येक फेरीत चौथ्या लेनच्या चिठ्ठीवर मशीनला सत्त्याहत्तर दिसले होते. स्पर्धेत शर्यती होत्या चोवीस.

आत्या त्या सत्त्याहत्तराकडे बघत राहिली. मशीन बिचारं सकाळपासून बोंबलून सांगत होतं, की बाबांनो, या माणसाचा एक मला सात दिसतो. जिथे खरं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं तिथे ते उघडउघड चुकत होतं. ते ऐकून चौकशी करायची सोडून या दिवट्याने त्याचं तोंड पुसून त्याला गंध लावलं होतं. आणि जिथे खरं उत्तर कुणालाच ठाऊक नव्हतं, त्या वेळांच्या आकड्यांत तीच चूक खुशाल पुढे जाऊ दिली होती.

"सत्त्याहत्तरावी शर्यत बघून तुला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं ना. म्हणून तर दुरुस्त केलं."

आत्याने एक दीर्घ श्वास घेतला, कारण भाचा दुसऱ्याचा होता. "चिठ्ठीचा फोटो मोठा कर."

फोटो मोठा झाला. ते अक्षर तिने डोळे मिटूनही ओळखलं असतं. दादाचं अक्षर! लहानपणी आई दादाची वही तिच्या नाकासमोर धरायची, "बघ, मोत्यासारखं अक्षर, तुझं आपलं कावळ्याचे पाय." त्या मोत्यांत एक मोती पहिल्यापासून वाकडा होता. दादा इंग्रजी एक काढताना वरून लांब शेपूट ओढायचा, तिरकी, ऐटदार, मुकुट घातल्यासारखी. दांडीपेक्षा शेपूटच मोठी. परक्याने ते सातच म्हणावं. आत्या परकी नव्हती. फोटोत तिला स्वच्छ दिसलं, बत्तीस चौदा, बत्तीस पंधरा, बत्तीस अठरा. मधली वेळ बत्तीस पंधरा. बेडकीची बत्तीस अठ्ठेचाळीस.

म्हणजे लांबडी दुसरी. बेडकी तिसरी.

तिने सरळ लॅपटॉप मिटला असता तरी कोणाला काही कळलं नसतं. हरकतीची मुदत संपतच आली होती. तिकडे वहिनी बेडकीचे केस पुसत होती आणि पुसता पुसता कुणाला तरी व्हिडिओ कॉलवर दाखवतही होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ. हे उघड केलं तर लोक काय म्हणणार तेही आत्याला आधीच ऐकू येत होतं. मुलीच्या बापाने शेजारच्या मुलीची वेळ वाढवून लिहिली. दादाने तसं केलं नव्हतं. लिहिलं ते बरोबरच लिहिलं होतं. पण हे समजून घ्यायला डोकं लागतं, आणि काठावर डोक्यांवर फक्त टोप्या होत्या. आत्याला भीती वाटली, वाईट वाटलं, आणि भीती वाटली याचा रागही आला.

"परत वाचायला लावू का?" भाच्याने विचारलं आणि लावलंही. मशीनने पुन्हा बत्तीस पंच्याहत्तर सांगितलं, वर खात्री किती तर नव्याण्णव टक्के. "बघा!"

"त्याच माणसाला तोच प्रश्न दोनदा विचारला तर दुसरा साक्षीदार होत नाही रे. आणि खात्रीचा आकडाही तेच सांगतं. गाढवालाही स्वतःच्या गाण्याची खात्री असते."

"मग त्याला सांगतो, की या माणसाचा एक शेपटीवाला असतो." त्याने तसं लिहिलं. मशीनने लगेच बत्तीस पंधरा वाचलं. "मानलं त्याने!"

"तू तोंडात घास भरवलास, त्याने गिळला. ह्याला पुरावा म्हणत नाहीत. मला सातव्या शर्यतीची चिठ्ठी दाखव. चौथ्या लेनचीच."

सातव्या शर्यतीच्या चिठ्ठीवर दादाचा खराखुरा सात होता. त्याच्या पोटात आडवी रेघ होती. वेळांमध्येही दोन सात होते, दोन्हींच्या पोटात रेघ. पहिल्या शर्यतीच्या चिठ्ठीवर खराखुरा एक होता. शेपटी लांब, रेघ नाही. आत्याने सगळ्या चिठ्ठ्यांतले हे आकडे एकेक कापून दोन रांगांत मांडायला लावले. वर ठाऊक असलेले एक, खाली ठाऊक असलेले सात. मधे लांबडीच्या चिठ्ठीतले तीन आकडे ठेवले. ते कुठल्या रांगेतले आहेत हे शिपायाच्या शेळीलाही कळलं असतं. भाचा गप्प झाला. त्याच्या बाजूने एवढं म्हणता येईल, की गप्प बसणं त्याला जमलं, जे मामाला कधी जमलं नव्हतं.

आत्याने सचिवांना बोलावलं, शिट्टीवालीला बोलावलं, आणि दादालाही बोलावलं. दादा हसत आला, अजून अभिनंदनं घेत. आत्याने चिठ्ठीचा कागद त्याच्या हातात दिला.

"दादा, हा आकडा काय लिहिलायस? वेळेतला. पॉइंटनंतरचा पहिला."

दादाने कागद पाहिला. मग बहिणीकडे पाहिलं. मग शिट्टीवालीकडे, सचिवांकडे, पलीकडे टॉवेलात गुंडाळलेल्या बेडकीकडे. त्याला कळलं. आत्याला त्याच्या तोंडावर ते कळणं स्पष्ट दिसलं, आणि तिला अजून आशा होती.

"सात," दादा म्हणाला.

"नीट बघ."

"सातच आहे. मला माझं अक्षर कळत नाही का?"

सचिवांचा जीव भांड्यात पडला. "झालं! लिहिणाराच सांगतोय. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"थांबा," आत्या म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, आणि दादाला तो आवाज लहानपणापासून ठाऊक होता. "दादा, ही तुझीच सातव्या शर्यतीची चिठ्ठी. इथे सातच्या पोटात रेघ आहे. तिथे का नाही?"

"घाईत राहिली असेल."

"तीनही वेळा?"

"राहिली असेल म्हणतो ना!"

"बरं. मग याच कागदावर वर शर्यतीचा क्रमांक आहे. त्यातही रेघ नाही. म्हणजे तुझ्या म्हणण्याप्रमाणे तू सत्त्याहत्तराव्या शर्यतीची वेळ घेत होतास. ती कुठल्या तलावात झाली?"

शिट्टीवालीच्या तोंडून एक आवाज निघाला, हसू आणि शिट्टी यांच्या मधला. भाच्याने लॅपटॉप सचिवांपुढे सरकवला. वर एक, खाली सात, मधे तीन आकडे. सचिवांनी चष्मा काढला, पुसला, घातला. शेवटी त्यांना दिसलं, आणि दिसल्याबरोबर त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं.

"हे बघा, यात मशीनची काही चूक नाही. अक्षराची चूक आहे. आणि नियमाप्रमाणे चिठ्ठीवरची वेळ बदलायची, तर लिहिणाऱ्याची सही लागते. ते जर सात म्हणत असतील, तर माझे हात बांधलेले आहेत."

एरवी हे हात इतके मोकळे असायचे, की पाहुण्यांसाठीची शाल बऱ्याचदा घरी जायची. आत्याने ते बोलून दाखवलं नाही, पण तिच्या नाकपुड्या बोलल्या.

"दादा, सही कर."

"घरभेदी आहेस तू," दादा दबक्या आवाजात म्हणाला. "सख्खी भाची आहे तुझी. तिच्या तोंडचा घास काढून परक्याला देतेस? कोणी विचारलं होतं तुला?"

आत्याला वाटलं होतं आपल्याला राग येईल. आला नाही. आईने नाकासमोर धरलेल्या त्या वहीला ती आयुष्यभर भ्यायली होती, आणि आज वहीचा मालक समोर उभा होता. सुटलेलं पोट, गळ्यात घड्याळ, आणि स्वतःच्या हाताने बरोबर लिहिलेलं खरं स्वतःच्याच तोंडाने खोटं पाडत होता. मशीनला निदान ठाऊक नव्हतं. तिला त्याची किळस आली, अगदी साधी, ताटात केस सापडल्यावर येते तशी.

"ती त्या घासाजवळ पोहोचलीच नव्हती, दादा," ती म्हणाली.

तोवर बेडकी येऊन उभी राहिली होती. मोठी माणसं घोळका करून दबक्या आवाजात बोलायला लागली, की पोरांना ते तलावाच्या दुसऱ्या टोकालाही ऐकू येतं. तिच्या केसांतून पाणी गळत होतं.

"पप्पा, लांबडी आधी टेकली," ती म्हणाली. "मी श्वास घ्यायला मान वळवली तेव्हा तिचा हात भिंतीला होता. मी तुम्हाला सांगितलं ना मघाशी."

आत्याने भावाकडे पाहिलं.

"कधी सांगितलंस?" तिने बेडकीला विचारलं.

"निकाल लागला तेव्हाच. पप्पा म्हणाले, गप्प बस, मशीनपेक्षा तुला जास्त कळतं का?"

म्हणजे त्या मित्राला मुद्दाम फोन लावला तेव्हाही दादाला ठाऊक होतं. आत्याला वाटलं होतं त्याला आत्ता, कागद हातात आल्यावर कळलं. तेवढीही सूट त्याला द्यायचं कारण उरलं नाही. वहिनीने मागून फोन हळूच पर्समध्ये टाकला. पाणी जड असल्याचं सांगणारे वडील आभाळाकडे बघत होते.

"सही करा," शिट्टीवाली म्हणाली.

आत्याने प्रमाणपत्रांचं पेन पुढे केलं. दादाने कागद टेबलावर ठेवला आणि तीन वेळांच्या शेजारी त्या पुन्हा लिहायला वाकला, दुरुस्ती म्हणून. सगळे टेबलाभोवती वाकून बघत होते. त्याचं पेन सवयीने वर गेलं, ती लांब, तिरकी, ऐटदार शेपूट ओढायला, आणि हवेत थांबलं. मग त्याने पेन खाली आणलं आणि एक नुसती उभी रेघ मारली, पहिलीतलं पोर मारतं तशी. मग दुसऱ्या ओळीत तशीच, मग तिसऱ्या. खाली सही केली. ती मोत्यासारखी आली नाही.

"आता उरलेल्या सगळ्या चौथ्या लेनच्या चिठ्ठ्या," आत्या भाच्याला म्हणाली. "सकाळपासूनच्या. सहा सेकंदांचं ते पोर पहिलं. आणि त्याच्या सरांना इथे बोलाव, त्याची माफी मागायला. दादा, तू बस. प्रत्येकीवर सही लागेल."

दादा खुर्चीवर बसला. पहिली चिठ्ठी पुढे ओढून त्याने, कोणीतरी काहीतरी बोलावं म्हणून, मुलीकडे पाहिलं. बेडकी टेबलावरचे ते तीन सरळ एक बघत होती. तिने प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यातून आपलं नाव लिहिलेलं उचललं, आत्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "ह्याच्यावर तिसरी लिही. आणि अक्षर एवढं मोठं नको." मग टॉवेल खांद्यावर टाकून ती लांबडीला शोधायला गेली, आणि दादाने हाक मारली तरी वळली नाही.